हिरवा फुटला म्हणजे बेरियमच का?

प्रश्न: दिवाळीत आकाशात हिरवा गोल फुटला की लगेच कुणीतरी म्हणतं, यात बंदी असलेलं बेरियम आहे. नुसता रंग बघून हे खरंच ओळखता येतं का? कुठला रंग कुठल्या धातूचा, हे नीट सांगाल का?

उत्तर: बाजारातल्या शॉटमधला गर्द, स्वच्छ हिरवा बहुतेक वेळा बेरियमचाच असतो, त्यामुळे तो अंदाज चुकीचा नाही. पण त्याच्या उलट धरून चालू नका. हिरवा दिसला नाही म्हणजे बेरियम नाही, असं अजिबात नसतं. फुलबाजीच्या पांढऱ्या-सोनेरी ठिणग्यांमागे आणि कित्येक भुईनळ्यांमध्ये बेरियम नायट्रेट पूर्वापार वापरलं गेलं आहे, आणि तिथे हिरव्याचा मागमूसही दिसत नाही. असं का होतं हे कळलं की बाकीचे रंगही आपोआप वाचता येतात, म्हणून हिरवाच धरून पुढे जातो.

फटाक्यातला रंग धातूच्या क्षारातून थेट येत नाही. ज्योतीच्या उष्णतेत त्या क्षाराचे तुकडे होतात आणि त्या वायूत क्षणभर टिकणारे नवे, छोटे रेणू तयार होतात. उजेड देतात ते हे रेणू. बेरियमच्या बाबतीत हिरवा देणारा रेणू म्हणजे BaCl, बेरियमचा एक अणू आणि क्लोरिनचा एक. हा बाटलीत भरून ठेवता येणारा पदार्थ नव्हे, तो फक्त ज्योतीत जगतो. त्याचा उजेड साधारण 507 ते 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात पडतो, आणि त्यातही 514 आणि 524 च्या आसपास तो सर्वांत तीव्र असतो. डोळ्याला हा भाग शुद्ध हिरवा दिसतो.

आता याच ज्योतीतून क्लोरिन काढून घ्या. बेरियम ऑक्सिजनशी जोडी जमवतं आणि BaO तयार होतं. त्याचा उजेड हिरव्यापासून पार नारिंगीपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे डोळ्याला तो फिकट, पिवळट-पांढरा हिरवा दिसतो. धातू तोच आणि प्रमाणही तेच असतं, पण जोडीदार बदलला की रंग जातो. म्हणून शॉट फुटल्यावर आकाशात जळत पसरणाऱ्या रंगाच्या गोळ्यांमध्ये क्लोरिन पुरवणारा वेगळा घटक घालतात, बहुतेक वेळा पीव्हीसीची भुकटी किंवा क्लोरिनयुक्त रबर. पोटॅशियम परक्लोरेटमध्ये क्लोरिन असतं, मग आणखी कशाला, असा प्रश्न पडेल. पण ते क्लोरिन जळताना पोटॅशियमशी घट्ट बांधलं जातं आणि बेरियमच्या वाट्याला फारसं येत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत ज्योत-परीक्षा केली असेल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. प्लॅटिनमची तार आधी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, मग क्षाराला लावायची आणि बर्नरच्या ज्योतीत धरायची. ते आम्ल तार स्वच्छ करण्यापुरतं नसतं. ते क्षाराचं क्लोराइड करतं, आणि क्लोराइड सहज वाफ होऊन ज्योतीत जातं. शोभेच्या दारूत पीव्हीसी हेच काम करतं. मग सरळ बेरियम क्लोराइडच का घालत नाहीत? एक तर त्यात जळायला मदत करणारा ऑक्सिजन नाही, तो नायट्रेटमधून मिळतो. शिवाय ही क्लोराइडं पाणी धरतात. स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं तर पावसाळी हवेत काही तासांत ओली होतात, आणि ओली गोळी नीट पेट घेत नाही.

फुलबाजीचं कोडंही इथेच सुटतं. तिच्यात बेरियम नायट्रेट असतं ते ऑक्सिजन पुरवायला, रंगासाठी नाही. क्लोरिन देणारा घटक नसतो, त्यामुळे BaCl तयार होत नाही. वर ॲल्युमिनियम जळत असतं. त्याच्या ऑक्साइडचे तापून पांढरे झालेले कण सगळ्या रंगांचा उजेड एकदम फेकतात आणि बेरियमचा उरलासुरला हिरवट उजेड त्यात बुडून जातो. लोखंडाच्या कणांच्या सोनेरी ठिणग्या याहून वेगळ्या. तो तापलेल्या घन कणांचा उजेड असतो आणि त्यात धातूची रंगीत खूण नसते. एवढंच कळतं की ठिणगी किती तापली आहे. कोळशाची नारिंगी-लालसर, लोखंडाची सोनेरी, टायटॅनियमची झगझगीत रुपेरी.

सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात फटाक्यांमधल्या बेरियम क्षारांवर बंदी घातली आणि 29 ऑक्टोबर 2021 ला ती पुन्हा ठणकावून सांगितली. तेव्हापासून लोकांचं लक्ष आकाशातल्या हिरव्यावर आहे. वेष्टनावरच्या ‘हरित फटाका’ या शब्दांचा रंगाशी संबंध नाही. ती नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ठरवलेली, धूर आणि कण कमी सोडणारी रचना आहे. बेरियम शोधायचं असेल तर लक्ष फुलबाजी आणि भुईनळ्याकडेही हवं, आणि तिथे डोळ्याचा उपयोग नाही.

बाकीच्या रंगांचं थोडक्यात सांगतो. लाल म्हणजे जवळजवळ नेहमी स्ट्रॉन्शियम. इथे एक मजेशीर फरक आहे: क्लोरिन नसलं तरी स्ट्रॉन्शियम लालच राहतं. SrOH हा रेणू नारिंगीकडे झुकणारा लाल देतो आणि क्लोरिन मिळालं की SrCl त्याला गडद लालाकडे नेतो, 620 ते 680 च्या टापूत. म्हणूनच लाल सगळ्यांना जमतो. नारिंगी कॅल्शियमचा, CaCl मुळे, 593 ते 622 च्या पट्ट्यात. पिवळा सोडियमचा, आणि तो रेणूचा नसून थेट अणूचा उजेड आहे: 589.0 आणि 589.6 या दोन अगदी जवळच्या रेषा. सोडियम नायट्रेट फार पाणी ओढतं, म्हणून पिवळ्यासाठी क्रायोलाइट किंवा सोडियम ऑक्झॅलेट घेतात. जांभळा हा कुठल्या एका धातूचा रंग नाही, तो स्ट्रॉन्शियमचा लाल आणि तांब्याचा निळा एकत्र दिसल्याने होतो.

निळा मात्र अवघड. तो CuCl चा, साधारण 420 ते 490 मध्ये. हा रेणू नाजूक असतो. ज्योत फार तापली की तो फुटतो आणि तांबं ऑक्सिजन-हायड्रोजनकडे जाऊन हिरवट उजेड देऊ लागतं. ज्योत थंड ठेवली तर रंग बरोबर येतो, पण उजेड मंद. त्यात आपला डोळा निळ्याला फारसा संवेदनशील नाही. म्हणून लख्ख निळ्याचं जे वचन वेष्टनावर असतं ते आकाशात बहुधा फिका, राखाडी निळा होऊन उतरतं. आकाशात गर्द निळा गोल दिसला तर बनवणाऱ्याने तापमान आणि क्लोरिन दोन्ही नीट सांभाळलं असं खुशाल समजा.

हिरव्याच्या छटांकडे परत येऊ, कारण बिघडलेला हिरवा चांगल्या हिरव्यापेक्षा जास्त बोलतो. फिकट, दुधाळ हिरवा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे क्लोरिन कमी पडलं आणि BaO वाढलं. दुसरं म्हणजे मॅग्नेलियम, म्हणजे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं मिश्रधातू, जास्त झालं. उजेड वाढवायला ते घालतात. प्रमाण चुकलं की ऑक्साइडच्या कणांचा पांढरा उजेड हिरव्यावर चढतो. दोन्ही नुसत्या डोळ्याला सारखे दिसतात, पण दुसऱ्या प्रकारात गोळी आंधळं करण्याइतकी प्रखर असते आणि पहिल्यात ती मंद असते. पोपटी, पिवळसर हिरवा दिसला तर संशय सोडियमवर. सोडियमचा अगदी लवमात्र अंशसुद्धा 589 ला जोरदार चमकतो. तो अशुद्ध नायट्रेटमधून, डिंकातून, कागदातून किंवा हाताच्या घामातूनही येतो. निळसर, समुद्री हिरवा असेल तर बेरियमबरोबर तांबंही आहे.

आणि बेरियमविना हिरवा शक्य आहे का? आहे. क्लोरिन न मिळालेलं तांबं CuOH मुळे हिरवा देतं, साधारण 525 ते 555 च्या पट्ट्यात, पण तो मंद आणि थोडा मळकट असतो. दुसरा मार्ग बोरॉनचा. अमेरिकन लष्कराच्या पिकाटिनी आर्सेनलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये बोरॉन कार्बाइड वापरून बेरियमविना हिरव्या ज्योतीची रचना प्रसिद्ध केली. त्यात उजेड देणारा रेणू BO2 असतो. म्हणून नुसत्या डोळ्याने पाहून ‘हे बेरियमच’ अशी शपथ घेऊ नये. डोळा तीन प्रकारच्या पेशींनी रंग ठरवतो, वेगवेगळ्या पट्ट्यांची बेरीज त्याला एकाच रंगासारखी दिसू शकते. लाल आणि हिरवा एकत्र मिसळून आलेला पिवळा आणि सोडियमचा पिवळा डोळ्याला वेगळे करता येत नाहीत.

वेगळे करायला एक स्वस्त साधन पुरतं: विवर्तन जाळी, म्हणजे मिलिमीटरला 500 रेघा असलेलं पारदर्शक फिल्मचं पान. विज्ञान-साहित्याच्या दुकानात ते तुकड्याने मिळतं. सीडीचा तुकडा वरचा चंदेरी थर काढून वापरता येतो, त्यावर मिलिमीटरला साधारण 625 रेघा असतात. पण पान सपाट आणि रेघा सरळ असलेली फिल्मच बरी. मोबाइलच्या मागच्या मुख्य कॅमेऱ्यावर फिल्म चिकटवा, रेघा उभ्या ठेवा. आता कॅमेऱ्यात प्रत्येक गोळीची एक साधी प्रतिमा दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना रंगांत ताणलेल्या प्रतिमा. उजेड अरुंद करायला पुढे फट लावायची गरज नाही, कारण लांबची जळती गोळी स्वतःच ठिपक्याएवढी असते.

ही ताणलेली प्रतिमा वाचायला एकदा शिकलं की विसरत नाही. सोडियमचा उजेड एकाच ठिकाणी पडतो, त्यामुळे तिथे गोळीची हुबेहूब, कडा स्पष्ट असलेली पिवळी नक्कल दिसते. BaCl ची नक्कल एका जागी नसते. हिरव्यात जवळजवळ दोन-तीन पुसट नकला एकमेकींवर चढलेल्या दिसतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अंधार. तापलेल्या ऑक्साइडचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत अखंड पट्टा होऊन येतो, मध्ये खंड नाही. दुधाळ हिरव्याचं कारण मॅग्नेलियम असेल तर हिरव्या पट्ट्यांच्या मागे असा अखंड पट्टा असतो. कारण कमी क्लोरिन असेल तर पट्टा अखंड नसतो, हिरव्यापासून नारिंगीपर्यंत तुटक, विरलेला उजेड असतो आणि निळा भाग रिकामा राहतो.

मोबाइलच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा, नाहीतर मेहनत वाया जाते. एक्स्पोजर हाताने कमी करून कुलूपबंद करा. आपोआप राहू दिलं तर गोळी पांढरी जळून जाते आणि तिचे रंग खोटे पडतात, लाल गोळी पिवळी दिसते ती यामुळेच. व्हाइट बॅलन्सही स्थिर ठेवा. शटर शक्यतो 1/250 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. गोळी आडवी धावत असेल तर तिची हालचाल आणि रंगांचा ताण एकाच दिशेत येतात आणि सगळं पुसलं जातं. म्हणून गोलाच्या अगदी वर किंवा खाली जाणारी गोळी निवडा, किंवा सरळ वर चढणारा एकेरी शॉट बघा. पन्नास गोळ्या एकदम फुटल्या की त्यांचे पट्टे एकमेकांवर येतात, तिथे फक्त कडेची गोळी कामाची.

आता एक उदाहरण करून दाखवतो. समजा फोटोत गोळीच्या साध्या प्रतिमेपासून पिवळ्या ठळक नकलेपर्यंत 930 पिक्सेल अंतर आहे आणि हिरव्यातल्या सर्वांत तेजस्वी जागेपर्यंत 825. सोडियमची अशुद्धी बहुतेक गोळ्यांत असतेच, म्हणून ती पिवळी नक्कल 589 ची धरून मोजपट्टी म्हणून वापरायची. 825 भागिले 930, गुणिले 589, म्हणजे सुमारे 522 नॅनोमीटर. जाळीचा कोन आणि अंतर यांचं नातं अगदी सरळ नसल्याने यात पाचएक नॅनोमीटरची चूक राहते, तेवढी चालते. 522 हे BaCl च्या 524 शी जुळतं. पण एका आकड्यावर थांबू नका, आकृती बघा. BaCl असेल तर 514 च्या जागी, म्हणजे 812 पिक्सेलजवळ, आणखी एक उजळ जागा हवी आणि 532 च्या पुढे अंधार. CuOH असेल तर उजेड 555 पर्यंत, म्हणजे 876 पिक्सेलपर्यंत रेंगाळतो. BO2 असेल तर 493, 518, 547, 579 अशा ठराविक अंतरावरच्या पट्ट्यांची शिडीच दिसते. ही शिडी दिसली की बेरियमबद्दलचा संशय बराच कमी होतो.

एवढं करूनही एक गोष्ट कळत नाही: गोळीत कुठला क्षार घातला होता. ज्योतीत नायट्रेट, कार्बोनेट, क्लोरेट सगळे तुटतात आणि शेवटी BaCl च दिसतो. रंगावरून धातू आणि ज्योतीतला रेणू कळतो, पुडीतलं संयुग नाही. तसंच नुसत्या उजेडावरून प्रमाणही काढता येत नाही, कारण तापमान जरा बदललं तरी तीव्रता पुष्कळ बदलते. लाल गोळीतही बेरियम ऑक्सिजन देणारा क्षार म्हणून असू शकतं, तिथे हिरवे पट्टे लालच्या तुलनेत फिके दिसतील.

म्हणून तक्रार करायची असेल किंवा खात्री हवी असेल तर नमुना प्रयोगशाळेत जायला हवा, न जळलेला असेल तर उत्तम, नाहीतर राख. तो फोडायचा, कुटायचा प्रयत्न घरी कुणीही करू नये. त्यात घर्षणाने पेटणारी मिश्रणं असतात. प्रयोगशाळेत सगळ्यात जलद पद्धत क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ. नमुन्यावर क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं, त्यांनाच एल, के अशा रेषा म्हणतात. तिथे एक सापळा आहे जो अहवाल वाचताना लक्षात ठेवावा. बेरियमची एल रेषा 4.47 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि टायटॅनियमची के रेषा 4.51 ला. दोन्ही इतक्या जवळ की साधं यंत्र त्यांना एकच समजतं, आणि रुपेरी ठिणग्यांसाठी टायटॅनियम फटाक्यात भरपूर असतं. त्या एका शिखरावरून ‘बेरियम सापडलं’ असं लिहिलेलं असेल तर ते मानू नका. बेरियमची के रेषा 32.2 ला येते आणि तिथे टायटॅनियमचा त्रास नाही. 50 किलोव्होल्टला चालणाऱ्या यंत्रात ती दिसते, तेव्हा अहवालात ती तपासली आहे का हे विचारा.

ओल्या पद्धतीने करायचं तर राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, गाळून त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकतात. बेरियम असेल तर लगेच दाट पांढरा साका बसतो, जो आम्लात विरघळत नाही. स्ट्रॉन्शियमही असा साका देतं, पण हळू आणि कमी पक्का, म्हणून त्या साक्याची पुढे ओळख पटवावी लागते. तो नुसताच ज्योतीत धरून भागत नाही, कारण बेरियम सल्फेट सहज वाफ होत नाही. आधी त्याला सोडियम कार्बोनेटबरोबर वितळवून कार्बोनेट करावं लागतं, त्यातलं सोडियम पाण्याने पूर्ण धुवून टाकावं लागतं, आणि मग आम्लात बुडवलेल्या तारेवर घेऊन ज्योतीत धरलं की पोपटी-हिरवी छटा उमटते. धुणं अर्धवट राहिलं तर ज्योत नुसती पिवळी होते.